मीटर तपासणीची नोटीस: वेळ किती द्यायची आणि काय काय उघडं ठेवायला सांगायचं?

प्रश्न: मी वीज कंपनीच्या मीटर चाचणी विभागात नवीन आहे. ग्राहकांना तपासणीची आगाऊ नोटीस लिहायचं काम माझ्याकडे आलंय. जुन्या छापील नमुन्यात फक्त ‘मीटर रीडिंग / तपासणीसाठी कर्मचारी येतील, सहकार्य करावे’ एवढंच आहे. बऱ्याच ठिकाणी दार बंद मिळतं, आणि दार उघडं असलं तरी काम पूर्ण होत नाही. नोटिशीत वेळ कशी द्यावी आणि नेमकं काय मोकळं ठेवायला सांगावं?

उत्तर:

सगळ्यात आधी त्या छापील नमुन्यातली ‘रीडिंग’ आणि ‘तपासणी’ यांच्यामधली तिरपी रेघ काढून टाका. या दोन वेगळ्या भेटी आहेत आणि ग्राहकाकडून दोन वेगळ्या गोष्टींची अपेक्षा असते. रीडिंगला आलेल्या माणसाला मीटरचा डिस्प्ले दिसला की झालं. तो बटण दाबून आकडे पुढे सरकवतो, एकूण युनिटचा आकडा येईपर्यंत थांबतो, फोटो काढतो आणि दोन-तीन मिनिटांत निघतो. मीटर बाहेर असेल तर घरात कुणी असण्याचीही गरज नसते. नोटिशीत ‘रीडिंग’ हा शब्द दिसला की ग्राहक हेच डोळ्यांसमोर आणतो आणि निर्धास्तपणे कामाला निघून जातो. त्याचं काही चुकत नाही, आपणच त्याला तसं सांगितलेलं असतं. रीडिंगच्या नोटिशीत तारीख, ढोबळ वेळ आणि ‘मीटर कुलपाच्या आत असेल तर कुलूप उघडं असावं’ एवढं पुरतं. म्हणून ती इथेच सोडतो आणि पुढचं सगळं तपासणीबद्दल लिहितो, कारण तुमच्या फेऱ्या वाया जात आहेत त्या तिथेच.

तपासणीची नोटीस लिहायची तर जागेवर काय काय होतं ते क्रमानं डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक पायरीला कशाला ना कशाला हात लावावा लागतो, आणि ज्याला हात लावावा लागतो ते नोटिशीत आलं पाहिजे. मी ‘बिल जास्त येतंय’ अशा तक्रारीवरून होणारी साध्या सिंगल फेज मीटरची तपासणी धरतो, कारण तुमच्या यादीत बहुतेक तीच असेल.

माणूस पोचतो, ओळखपत्र दाखवतो, मीटर क्रमांक ताडून पाहतो. सीलचे क्रमांक आणि त्यांची अवस्था ग्राहकासमोर नोंदवून फोटो काढतो. हे हात लावण्याआधी व्हायला हवं, नंतर सील कुणी तोडलं यावर वाद होतो. मग संदर्भ मीटर जोडतो. त्याचा क्लॅम्प वायरभोवती बसतो, व्होल्टेजची टोकं टर्मिनलवर लागतात आणि एक सेन्सर मीटरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्यासमोर बसतो. त्यानंतर घरातला लोड चालू करून मीटरचे पल्स आणि संदर्भ मीटरनं मोजलेली ऊर्जा यांची तुलना होते. आधी मोठ्या लोडवर, मग लहान लोडवर. शेवटी मेन स्विच बंद करून मीटर गप्प राहतो का ते बघतात. मग उपकरण काढायचं, नवं सील लावायचं, अहवाल लिहून ग्राहकाची सही घ्यायची. सगळं सुरळीत झालं तर हे साधारण चाळीस मिनिटांचं काम आहे.

यातली घरातला लोड चालू करण्याची पायरी नोटिशीत कधीच नसते, आणि ती नसल्यामुळे अर्ध्या चाचण्या लंगड्या होतात. ती का लागते हे एका हिशेबातून दाखवतो. मीटरच्या तोंडावर पल्सचा स्थिरांक छापलेला असतो. समजा तो 3200 imp/kWh आहे, म्हणजे एका युनिटला दिवा 3200 वेळा लुकलुकतो. पाणी तापवायचा 2 किलोवॅटचा हीटर चालू असेल तर तासाला 6400 पल्स येतात आणि 100 पल्स मोजायला एक मिनिटही लागत नाही. आता घरात सगळं बंद आहे आणि 60 वॅटचा एखादाच दिवा चालू आहे असं समजा. तासाला 192 पल्स, म्हणजे जवळजवळ एकोणीस सेकंदांना एक. तेच 100 पल्स मोजायला सव्वाएकतीस मिनिटं जातात. कर्मचारी एवढा वेळ थांबत नाही, थांबूही शकत नाही. तो दहा-बारा पल्सवर आटपतो, आणि मोजणी सुरू करण्या-थांबवण्यातली चूक थोड्या पल्सवर फार मोठी दिसते. मग ग्राहक अहवालावर विश्वास ठेवत नाही आणि त्याचं म्हणणं खरंही असतं.

म्हणून नोटिशीत स्पष्ट लिहा: चाचणीच्या वेळी हीटर, इस्त्री किंवा असंच एखादं जास्त वीज घेणारं उपकरण पंधरा मिनिटं चालू ठेवता आलं पाहिजे. हे वाचल्यावर ग्राहकाला दोन गोष्टी आपोआप कळतात. मीटर बाहेर असला तरी घरात माणूस लागणार आहे, आणि तो माणूस स्विच चालू-बंद करू शकणारा हवा, म्हणजे लहान मूल पुरणार नाही. ‘सहकार्य करावे’ यातून यातलं काहीच कळत नाही. काही विभाग स्वतःचा फिरता लोड सोबत नेतात. तुमच्याकडे असेल तर उत्तमच, पण तो जोडायलाही ग्राहकाचा जास्त करंटचा प्लग किंवा मेन स्विच लागतोच, म्हणून घरातली व्यक्ती सुटत नाही.

दुसरी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे मेन स्विच. नोटिशीत सगळे ‘मीटरपर्यंत प्रवेश’ लिहितात. मीटर आणि मेन स्विच शेजारी शेजारी असतील तर चालून जातं. पण बहुमजली इमारतीत मीटर तळमजल्यावरच्या मीटर खोलीत, आणि ग्राहकाचा मेन स्विच किंवा एमसीबीची पेटी वर त्याच्या घरात. म्हणजे दोन जागा, दोन दारं, आणि बहुतेक वेळा दोन वेगळ्या माणसांच्या हातातल्या किल्ल्या. याच रचनेतलं एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण नोटिशीतल्या एका ओळीनं निकाल कसा बदलतो ते त्यात दिसतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका ग्राहकाची तक्रार होती की घरात फार काही नसताना बिल वाढत चाललंय. पहिल्या नोटिशीत फक्त तारीख आणि ‘मीटर मोकळा ठेवावा’ असं होतं. ग्राहकानं ते प्रामाणिकपणे पाळलं. मीटर खोलीसमोरच्या सायकली बाजूला करून घेतल्या, किल्ली पहारेकऱ्याकडे ठेवली आणि कामावर गेला. कर्मचारी आला, खोली उघडली, मीटरच्या दिव्याकडे पाहिलं. दिवा लुकलुकत होता. वर घर बंद. लोड किती, कशाचा, काहीच सांगता येईना. सील बघून, रीडिंग घेऊन तो परतला आणि अहवालात ‘मीटर चालू स्थितीत’ असा शेरा आला. ग्राहक चिडला, आणि ते साहजिकच होतं, कारण मीटर चालू आहे हे त्याला आधीच माहीत होतं.

दुसऱ्या नोटिशीत तीन ओळी वाढवल्या. मीटर खोलीची किल्ली असलेली व्यक्ती आणि घरातली प्रौढ व्यक्ती अशा दोन्ही जागी माणसं हवीत. घरातला मेन स्विच दहा मिनिटं बंद करावा लागेल. वर आणि खाली फोनवर बोलणं होईल, म्हणून घरातल्या व्यक्तीचा फोन चालू असावा. त्या दिवशी आमचा एक माणूस खाली आणि एक वर, असं काम झालं. हीटर चालू करून 100 पल्स मोजले. 3200 च्या स्थिरांकानं 100 पल्स म्हणजे मीटरच्या मते 31.25 वॅट-तास. तेवढ्याच वेळात संदर्भ मीटरनं 31.10 दाखवले. फरक 0.15, म्हणजे जवळजवळ अधिक अर्धा टक्का. मीटर क्लास 1 चा होता, म्हणजे एवढ्या लोडवर एक टक्का इकडे-तिकडे त्याला मुभा आहे. लहान लोडवरही तो मर्यादेत होता. म्हणजे मीटर बरोबर. चाचणी इथेच थांबली असती तर ग्राहकाला ‘तुमचा वापरच जास्त आहे’ असं उत्तर गेलं असतं.

मग वरच्या माणसानं मेन स्विच बंद केला. घरातला दिवा-पंखा सगळं थांबलं. खाली मीटरचा दिवा मात्र लुकलुकतच राहिला, बारा सेकंदांना एकदा, घड्याळासारखा नियमित. बारा सेकंदांना एक म्हणजे तासाला 300 पल्स, म्हणजे सुमारे 94 वॅट. दिवसभर चालू राहिलं तर सव्वादोन युनिट, महिन्याला 67 च्या वर. आता प्रश्न एवढाच की मीटर आपोआप चढतोय की मीटरनंतर आणि मेन स्विचआधी कुणीतरी वीज घेतंय. मीटर खोलीतच, मीटरच्या पुढे, त्याच्या लाइनीचा कटआउट होता. तो काढला आणि पल्स थांबले. म्हणजे मीटर निर्दोष. वायरचा माग काढला तेव्हा जिन्यातले दिवे या ग्राहकाच्या लाइनीवर जोडलेले सापडले. कधीतरी दुरुस्ती करताना कुणीतरी सोयीचं टोक पकडलं होतं आणि ते दिवे दिवसाही चालू असायचे.

हे पहिल्या भेटीतही दिसू शकलं असतं. उपकरण तेच होतं, माणूसही तोच होता. कमी होता तो फक्त वरचा मेन स्विच बंद करणारा हात. म्हणून माझा आग्रह आहे की ‘मीटर’ या शब्दाइतक्याच स्पष्टपणे ‘मेन स्विच’ नोटिशीत आला पाहिजे.

स्विच बंद केल्यावर काय दिसायला हवं हेही तुमच्या माणसांना पक्कं माहीत असू द्या. निरोगी मीटर लोड नसताना पल्स देत नाही. आधीच्या वापराचा उरलेला अंश पूर्ण होऊन एखादा पल्स येऊ शकतो, म्हणून एका पल्सवरून घाबरायचं नाही, पाच-दहा मिनिटं पाहायचं. काही मीटरांत लोड नसताना दिवा सतत पेटलेला राहतो. तो दोष नव्हे. आणि मेन स्विच बंद केला असं ग्राहकानं वरून ओरडून सांगितलं म्हणून तो बंद झाला असं समजू नका. बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर स्विच पाडल्यावरही घरातले दिवे चालूच राहतात आणि माणूस गोंधळून तो पुन्हा वर करतो. इन्व्हर्टर आहे का हे नोटिशीतच विचारून ठेवलं तर हा गोंधळ टळतो.

छतावर सौर पॅनेल असतील तर वेळेचाही प्रश्न येतो. भर दुपारी पॅनेल घरच्या वापरापेक्षा जास्त वीज देत असतात, ती बाहेर जाते, आणि दोन्ही दिशांनी मोजणाऱ्या बऱ्याच मीटरांचा दिवा दोन्ही दिशांना सारखाच लुकलुकतो. नुसतं पाहून काही कळत नाही. अशा ग्राहकाला सकाळची पहिली वेळ द्या, आणि सौर यंत्रणेचा स्विच कुठे आहे ते दाखवणारी व्यक्ती हजर असावी असं लिहा. तो स्विच बंद करून पुन्हा चालू केल्यावर सौर इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही, काही मिनिटं थांबतो. हे आधी सांगून ठेवलं नाही तर ‘तुम्ही माझी यंत्रणा बिघडवली’ असा फोन हमखास येतो.

आता वेळेबद्दल. ‘सकाळी 10 ते संध्याकाळी 5’ ही वेळ देणं म्हणजे वेळ न देणं. सात तास कुणी थांबत नाही. ज्याला तासाभरासाठी रजा मागायची आहे तो तर मुळीच नाही. दुसऱ्या टोकाला ‘बरोबर 11 वाजता’ असं लिहून तुम्ही स्वतःला अडकवता, कारण आधीच्या घरी एखादा गंजलेला स्क्रू निघाला की पुढचं सगळं घसरतं. मधला मार्ग हिशेबानं काढायचा. एका जागेला चाळीस मिनिटं आणि पुढच्या जागेला पोचायला दहा, म्हणजे एका ग्राहकाला पन्नास मिनिटं. तीन तासांच्या खिडकीत तीन ग्राहक बसवले की दीडशे मिनिटं होतात आणि तीस मिनिटं अडचणींसाठी उरतात. चौथा ग्राहक बसवायचा मोह होतो, कारण कागदावर दोनशे मिनिटं तीन तासांच्या अगदी जवळ दिसतात. पण मग शेवटच्या माणसाला दिलेली वेळ टळणार हे आधीच ठरलेलं असतं. तो वाट पाहून बाहेर पडला की तुमच्या नोंदीत ‘दार बंद’ असं लागतं, आणि दोष त्याच्या माथी जातो. हे फार अन्यायाचं आहे आणि होता होईल तो टाळलं पाहिजे.

माझा सल्ला असा की सकाळी 10 ते 1 आणि दुपारी 2 ते 5 अशा दोन खिडक्या ठेवा, प्रत्येकीत तीन ग्राहक. नोटिशीवर ग्राहकाला खिडकी द्या, आणि कर्मचारी आधीच्या जागेहून निघताना त्याला फोन करेल असं लिहा. तो फोन खरंच करा. ग्राहक जवळच कुठे कामाला असेल तर तेवढ्यात घरी पोचतो. तीन तासांची खिडकी लोकांना जड जाते ती अनिश्चिततेमुळे, लांबीमुळे नाही. तीन ग्राहकांचा क्रम लावताना ज्याला दोन ठिकाणची माणसं जमवायची आहेत, म्हणजे मीटर खोली आणि घर वेगळं असलेला, तो पहिला घ्या. त्याच्या बाबतीत ‘साधारण 10 ते 10:30’ असं जवळपास नेमकं सांगता येतं आणि किल्लीवाल्यालाही थांबून राहावं लागत नाही.

वीज किती वेळ जाणार हे लिहायला कचरू नका. अनेकांना वाटतं की हे लिहिलं तर लोक नकार देतील. उलट, न सांगता मेन स्विच पाडला की लोक चिडतात. क्लॅम्पनं होणाऱ्या चाचणीत वीज फक्त शेवटच्या टप्प्यावर, दहा मिनिटांच्या आसपास बंद राहते. मीटर काढून दुसरा बसवायची शक्यता असेल तर अर्धा तास धरा आणि तसं वेगळं लिहा. घरात श्वासोच्छ्वासाचं यंत्र किंवा विजेवर चालणारं दुसरं वैद्यकीय उपकरण असेल तर आधी कळवावं, ही ओळ प्रत्येक नोटिशीत असलीच पाहिजे. ती यादी बघून न ठरवता सगळ्यांना द्या, कारण कुणाच्या घरी काय आहे हे आपल्याला माहीत नसतं.

मोकळ्या जागेबद्दल ‘मीटर मोकळा ठेवावा’ हे पुरेसं नाही. मीटरसमोर अंदाजे एक मीटर जागा लागते, कारण माणसाला उभं राहून दोन्ही हातांनी काम करायचं असतं आणि उपकरण ठेवायलाही जागा लागते. मीटरची पेटी पूर्ण उघडली पाहिजे, नुसती काचेतून दिसून भागत नाही. मीटर डोक्याच्या वर असेल तर शिडी आपण आणायची, ग्राहकाच्या स्टुलावर चढायचं नाही. पण मीटर उंचावर आहे हे आधी कळायला हवं, म्हणून नोटिशीत ‘मीटर उंचावर असल्यास कळवा’ अशी ओळ घाला. कुत्रा असेल तर बांधून ठेवावा, हेही लिहा. यात ओशाळण्यासारखं काही नाही. दारातून परत फिरण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

आणि काय लागणार नाही तेही लिहा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अनोळखी माणूस घरात येणार म्हटल्यावर, विशेषतः एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसांना, धास्ती वाटते. मेन स्विच, इन्व्हर्टर आणि चाचणीसाठी चालू करायचं उपकरण एवढ्याच जागा बघायच्या आहेत, इतर खोल्यांत जायची गरज नाही, असं स्पष्ट लिहा. कर्मचारी जागेवर पैसे घेत नाही, ओटीपी मागत नाही, मोबाइलवर कुठलं ॲप टाकायला सांगत नाही, हेही लिहा. तपासणीचं शुल्क लागणार असेल तर ते बिलातून लागेल की आधी भरायचं, हे तुमच्या कंपनीच्या नियमाप्रमाणे त्याच कागदावर द्या, म्हणजे दारात पैशाचा विषयच निघणार नाही.

ओळख पटवण्याच्या बाबतीत एक खबरदारी घ्या. नोटिशीवर फोन नंबर छापून ‘खात्री करण्यासाठी इथे फोन करा’ असं लिहिलं जातं. पण बनावट नोटीस लावणारा माणूसही आपलाच नंबर छापेल आणि आपणच ‘हो, खरं आहे’ म्हणून सांगेल. त्यामुळे खात्रीसाठी बिलावर छापलेल्या ग्राहक सेवा नंबरवर फोन करायला सांगा, आणि नोटिशीला एक संदर्भ क्रमांक द्या. तो क्रमांक ग्राहक सेवेच्या नोंदीत दिसतो याची व्यवस्था तुमच्या कार्यालयाकडून करून घ्या. नाहीतर तिथला माणूस ‘आमच्याकडे अशी काही नोंद नाही’ म्हणेल आणि तुमचा खरा कर्मचारी दाराबाहेर उभा राहील.

हे सगळं एकत्र करून मी लिहीन ती नोटीस अशी असेल:

‘मीटर तपासणीची पूर्वसूचना. संदर्भ क्रमांक: ____. ग्राहक क्रमांक: ____. मीटर क्रमांक: ____.

आपल्या जास्त बिलाच्या तक्रारीवरून आपल्या मीटरची चाचणी मंगळवार, दि. ____ रोजी सकाळी 10 ते दुपारी 1 या वेळेत होईल. कर्मचारी निघण्यापूर्वी आपल्याला ____ या नंबरवर फोन करतील. काम सुमारे 40 मिनिटांचं आहे. त्यात 10 मिनिटं वीज बंद राहील.

त्या वेळी घरात एक प्रौढ व्यक्ती असावी. मालकच हवा असं नाही, भाडेकरू किंवा आपण सांगितलेली व्यक्ती चालेल. मीटर खोलीला कुलूप असल्यास किल्ली असलेल्या व्यक्तीला हीच वेळ कळवावी. मीटरसमोर एक मीटर जागा मोकळी असावी. घरातला मेन स्विच दाखवावा लागेल. चाचणीसाठी हीटर किंवा इस्त्रीसारखं उपकरण 15 मिनिटं चालू ठेवावं लागेल. इतर खोल्यांत जाण्याची गरज नाही. कुत्रा असल्यास बांधून ठेवावा.

घरात विजेवर चालणारं वैद्यकीय उपकरण, इन्व्हर्टर किंवा सौर यंत्रणा असल्यास, मीटर उंचावर असल्यास, किंवा ही वेळ सोयीची नसल्यास आदल्या दिवशी संध्याकाळी 5 पर्यंत कळवावं. आपल्याला दुसरी वेळ देता येईल.

कर्मचारी ओळखपत्र दाखवतील. ते पैसे घेत नाहीत आणि ओटीपी मागत नाहीत. खात्रीसाठी आपल्या बिलावरच्या ग्राहक सेवा नंबरवर वरील संदर्भ क्रमांक सांगा.’

ही एका पानात, मोठ्या अक्षरात बसते. तारीख, वेळ आणि ‘घरात प्रौढ व्यक्ती असावी’ हे ठळक करा, बाकी काही ठळक करू नका. सगळंच ठळक केलं की नजर कुठेच थांबत नाही. कायद्याची कलमं मागच्या बाजूला टाका. ती लागतात, पण ग्राहकानं आधी वाचायची गोष्ट ती नव्हे. वीजचोरीच्या संशयावरची तपासणी वेगळ्या अधिकारानं आणि बहुतेक वेळा पूर्वसूचनेशिवाय होते. तिची भाषा या नोटिशीत येऊ देऊ नका. ‘दोषी आढळल्यास कारवाई’ असली एक ओळ दिसली की स्वतःहून तक्रार केलेला माणूससुद्धा बचावाच्या पवित्र्यात जातो.

नोटीस किती दिवस आधी द्यायची याचा तुमच्या कंपनीचा नियम असेल, तो किमान म्हणून पाळा. आदल्या दिवशी एक मेसेज जाऊ द्या. कागद दाराला बाहेरून चिकटवू नका. दोन-तीन दिवस तसाच राहिलेला कागद घर रिकामं असल्याचं सगळ्यांना सांगतो. दाराखालून आत सरकवा किंवा पत्रपेटीत टाका. मीटर खोलीच्या दारावर लावायची असेल तर तिथे नाव आणि तक्रारीचं कारण न लिहिता फक्त तारीख, वेळ आणि ‘किल्ली हवी’ एवढंच लावा, कारण एका ग्राहकाच्या बिलाची तक्रार सगळ्या इमारतीनं वाचायची गरज नाही. मीटर उघड्यावर असेल आणि त्या दिवशी पाऊस आला तर टर्मिनलचं झाकण काढायचं नाही, भेट पुढे ढकलायची, आणि ते ग्राहकाला सकाळीच कळवायचं.

एवढं करूनही दार बंद मिळालं तर नोंद नीट करा. ‘दार बंद’ या दोन शब्दांऐवजी किती वाजता पोचलो, फोन केला का, उचलला का, मीटर खोली उघडी होती का, नेमकं कुठलं दार बंद होतं, हे लिहा. बाहेरून जेवढं करता येतं तेवढं, म्हणजे रीडिंग, सीलची अवस्था आणि दिवा किती सेकंदांना लुकलुकतो याची वेळ, लगेच घेऊन ठेवा. घर बंद असताना दिवा किती वेगानं चालतो ही नोंद पुढच्या भेटीत कामी येते. त्या प्रकरणातल्या कर्मचाऱ्यानं पहिल्याच दिवशी सेकंद मोजून लिहिले असते, तर बंद घरात किती वॅट चालू आहेत हे तेव्हाच कळलं असतं आणि ग्राहकाला फोनवर विचारता आलं असतं की फ्रिजसारखं काय काय चालू ठेवून गेला होतात. मागे ठेवायच्या चिठ्ठीत नवी खिडकी आधीच लिहून ठेवा, सकाळी आला असाल तर या वेळी दुपारची द्या, आणि मागच्या वेळी नेमकं काय मिळालं नाही ते एका ओळीत सांगा: ‘मीटर खोली उघडी होती, घरातला मेन स्विच बंद करायला कुणी नव्हतं.’